पोलमध्ये ८४ टक्के ‘हो’ आले, मग नाचणीचे लाडू काढू का?

चटणीघर (सोमवार, रात्री)

नमस्कार. मी कर्वेनगरला घरून शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची चटणी आणि मेतकूट करून विकते. इन्स्टाग्रामवर साधारण २४०० जण फॉलो करतात. ऑर्डरी तिथून आणि व्हॉट्सॲपवरून येतात. काहीतरी नवीन काढायचं बरेच दिवस मनात आहे. परवा स्टोरीवर पोल टाकला, ‘नाचणीचे लाडू आणू का?’ पर्याय दोनच ठेवले: ‘हो, नक्की!’ आणि ‘नको’. ६१० जणांनी स्टोरी पाहिली, १४० जणांनी मत दिलं आणि त्यातले ११८ ‘हो’. म्हणजे ८४ टक्के.

लाडू काढायचे तर नाचणी, तूप, गूळ एकदम भरावा लागेल, डबे वेगळे लागतील, मदतीला येणाऱ्या मावशींचा वेळ वाढेल. पहिल्या खेपेलाच आठ-दहा हजार अडकतील. एवढ्या ‘हो’वर विसंबून पुढे जावं का? कोणी असा निर्णय घेतला असेल तर अनुभव सांगा.

पेठेतला_आजोबा

शीर्षक वाचून निवडणुकीचा धागा समजून आलो. आता आलोच आहे तर लाडवांना माझंही ‘हो’ धरा.

तिसरा_मजला

ताई, बिनधास्त काढा. १४० मतं काही कमी नाहीत. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकलोय. एवढ्या मतांवर ८४ टक्के आले असतील तर खरा आकडा पाच-सहा टक्के इकडेतिकडे असेल. म्हणजे अगदी कमी धरलं तरी पंचाहत्तरच्या वर. याहून चांगला कौल कुठे मिळणार, तोही फुकटात?

भुसार_आळी

पोलबिल सब झूट. माल समोर ठेवा, माणूस खिशात हात घालतो का बघा. आमच्याकडे मार्केट यार्डात गिऱ्हाईक दाणा हातात घेऊन चोळतं, मग भाव विचारतं. मोबाइलवर बोट लावायला काय जातंय?

रानजाई

नाचणीच्या लाडवांत डिंक घालणार का? आमच्याकडे नाचणी भाजून, दळून, त्यात खारीक पूड आणि जायफळ घालतात. कृती द्याल का?

आकडेमोड

मी वीसेक वर्षं ग्राहक सर्वेक्षणाच्या कामात होतो, आता कोथरूडला निवांत आहे. विषय जिव्हाळ्याचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तिसरा_मजला, तुमचं गणित बरोबर आहे, पण ते कधी लागू पडतं ते बघा. ज्यांना विचारलं ते सगळ्या संभाव्य गिऱ्हाइकांतून चिठ्ठ्या टाकून निवडावेत तसे आले असतील तरच. इथे ६१० जणांनी पाहिलं आणि ४७० जण काही न करता पुढे गेले. मत दिलेले १४० हे ताईंच्या पेजवर जीव असलेले लोक. या पाच-सहा टक्क्यांत ती निवड कुठेच धरलेली नाही. पाहणाऱ्यांच्या हिशोबाने ‘हो’ म्हणणारे १९ टक्के होतात, आणि तेही विकत घेणारे नव्हेत, नुसते ‘हो’ म्हणणारे.

दुसरं, प्रश्नच असा आहे की ‘नको’ म्हणवत नाही. ‘आणू का?’ असं ओळखीच्या बाईने विचारलं की आपली माणसं ‘आण की’ असंच म्हणतात. कोणी काय मत दिलं ते टाकणाऱ्याला नावानिशी दिसतं, हे लोकांनाही ठाऊक असतं. शिवाय मत दिल्याशिवाय टक्केवारी दिसत नाही, त्यामुळे नुसता निकाल बघायलाही लोक बोट लावतात. आजोबांचंच घ्या. त्यांनी मनापासून ‘हो’ दिलं, पण किंमत विचारली नाही, कुठे मिळतील ते विचारलं नाही.

पण भुसार_आळी म्हणतात तसं सब झूटही नाही. या पोलमध्ये एक मोलाची गोष्ट आहे, ती म्हणजे नावं. ताई, स्टोरी २४ तासांनी जाते आणि पाहणाऱ्यांची यादी ४८ तासांपर्यंतच दिसते. म्हणून आजच यादीचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. मग ११८ नावांसमोर तुमची ऑर्डरवही उघडा आणि चार ढीग करा: आधी पैसे देऊन काही घेतलेले, नातेवाईक आणि आपल्यासारखाच धंदा करणारे, जिथे लाडू धड पोहोचणार नाहीत अशा गावचे, आणि अनोळखी. टक्केवारी विसरा, पहिला ढीग किती येतो ते सांगा.

चटणीघर (मंगळवार)

बसले आणि केलं. आधी काही ना काही घेतलेले ३१. नातेवाईक, मैत्रिणी आणि दुसऱ्या घरगुती पेजवाल्या २४. पुण्याबाहेरचे ४०. त्यांना चटण्या कुरिअरने जातात, पण लाडू फुटतील. उरलेले २३ कोण ते कळत नाही.

म्हणजे ११८चे ३१ झाले! त्या ३१ मधल्या बऱ्याच जणी मेतकूट नेणाऱ्या आहेत, घरात लहान मुलं असलेल्या. याचा काही अर्थ?

आकडेमोड

असेल, पण आत्ताच लावू नका. आता त्यांना पुढचं विचारू नका, मागचं विचारा. प्रश्नाचं स्टिकर लावा आणि विचारा: ‘मुलांच्या खाऊसाठी घरात शेवटचं गोड काय विकत आणलंत, आणि कुठून?’ ‘आवडेल का’, ‘घ्याल का’ हे शब्द अजिबात नकोत. पुढे काय करू हे सांगताना माणूस स्वतःबद्दल चांगलंच बोलतो. गेल्या आठवड्यात काय केलं ते विचारलं की दुकानाचं नाव आणि किंमत सांगतो. स्टोरीत लाडवाचा फोटोही लावू नका, नाहीतर उत्तरं तिकडेच झुकतील.

आणि हे स्टिकर चालू असताना दुसरं काम करा. गेल्या वर्षभरातल्या पोस्टखालच्या प्रतिक्रिया आणि डीएम वाचून काढा. कोणीही न विचारता लोकांनी आपणहून काय मागितलं, ते वहीत लिहा. एका माणसाची एकच रेघ, त्याने पाच वेळा विचारलं तरी. शब्द त्यांचेच ठेवा आणि समोर महिना लिहा.

शिवणयंत्र

मी कॉटनच्या कुर्त्या शिवते, म्हणून माझं सांगते. मला पोलचा फार उपयोग होतो. मी कापड आणलेलं असतं, फक्त गळा कसा ठेवायचा ते विचारते. दोन फोटो, दोन पर्याय. ज्याला जास्त मतं, तो आधी संपतो असं बहुतेक वेळा झालंय. त्यामुळे पोल खोटे असतात हे मला पटत नाही.

आकडेमोड

शिवणयंत्र ताई, तुम्ही पोल योग्य जागी वापरताय. कुर्ती घ्यायची हे तुमच्या गिऱ्हाइकांचं ठरलेलंच असतं, तुम्ही फक्त ‘यातली कुठली’ विचारता. दोन्ही पर्याय सारखेच खरे असले की ‘नको’ म्हणण्याचा संकोच मधे येत नाही. चटणीघर ताईंना ‘यातली कुठली’ नाही, ‘मुळात हवं का’ हे कळायचंय. तिथे पोल तोकडा पडतो.

एक छोटी सूचना. ‘नुसतं बघतेय’ असा तिसरा पर्याय ठेवत जा. निकाल बघायला आलेली मंडळी तिथे जातात आणि बाकीचे दोन आकडे स्वच्छ होतात.

नुसतीच_वाचक

फॉलोअर वाढवायला काय करावं? माझे तीनशेच आहेत, पोलला आठ मतं येतात.

शिवणयंत्र

आठ असतील तर पोल कशाला, आठ जणींना फोन करा! थट्टा नाही, खरंच सांगतेय. माझे कमी होते तेव्हा मी फोनच करत असे, आणि पोलपेक्षा जास्त कळायचं.

तिसरा_मजला

आकडेमोड काका, निवडीचा मुद्दा पटला. पण सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोल टाकला तर? तिथे सगळे पुण्यातलेच आणि ओळखीचे. आमच्या ग्रुपवर दोनशेच्या वर माणसं आहेत.

आकडेमोड

व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये कोणी काय निवडलं ते ग्रुपमधल्या सगळ्यांना दिसतं. पहिल्या पाच जणींनी ‘हो’ केलं की सहावी ‘नको’ करत नाही, फार तर गप्प बसते. इन्स्टाग्रामवर नावं निदान फक्त ताईंना दिसतात. ग्रुपवर विचारायचंच असेल तर वेळ विचारा, पाकिटाचा आकार विचारा. हवं-नको विचारू नका.

चटणीघर (शुक्रवार)

दोन्ही झालं. सविस्तर लिहिते, कारण मला स्वतःला हे अपेक्षित नव्हतं.

प्रश्नाच्या स्टिकरला २७ उत्तरं आली. निम्म्याहून जास्त जणींचं म्हणणं एकच: गोड घरीच होतं, आई किंवा सासूबाई करतात. बऱ्याच जणींनी बेकरीची नानकटाई आणि बिस्किटं लिहिली. राजगिऱ्याच्या वड्या आणि चिक्की पाच जणींनी. कुठलेही लाडू विकत आणलेल्या फक्त चौघी, आणि त्यातल्या दोघींनी दिवाळीत आणले होते.

आणि प्रतिक्रिया! वर्षभराचं वाचायला दोन संध्याकाळी गेल्या. रेघा मारल्या. ‘किती दिवस टिकते?’ विचारणारे १४ जण. ‘लहान पाकीट आहे का, आधी चव बघायची आहे’ म्हणणारे ९. नाचणीचं किंवा लाडवांचं आपणहून विचारणारे पोलच्या आधी फक्त दोघे. आणि सगळ्यांत जास्त, १७ जण: ‘यात लसूण आहे का?’, ‘लसूण नसलेली मिळेल का?’, ‘आमच्याकडे चालत नाही’. मी प्रत्येक वेळी ‘सॉरी, लसूण आहे’ असं उत्तर दिलंय आणि पुढे गेलेय.

पेठेतला_आजोबा

आता आषाढी तोंडावर आली. आमच्या घरात चातुर्मासात कांदा-लसूण बंद. लसणाशिवाय शेंगदाण्याची चटणी चांगली होते. जिरं जरा जास्त, चिमूट हिंग आणि मीठ कुटतानाच घालायचं. हिने लावलेली चटणी महिनाभर पुरत असे. लसूण नसल्याने ती टिकतेही जास्त.

रानजाई

आजोबा, हिंग किती? आणि मिक्सरला की खलात? माझी लाडवांची कृती राहिलीच, पण आता ही द्या.

भुसार_आळी

बघा, गिऱ्हाईक आपल्या तोंडाने सांगत होतं. दाणे भाजून साल पूर्ण काढत असाल तर भाव बघून घुंगरू शेंगदाणा घ्या. रंग एकसारखा येतो.

आकडेमोड

ताई, या सतरा जणांकडे अजून दोन बाजूंनी बघा. एक, महिने. हा प्रश्न फक्त चातुर्मासातच येत असेल तर तो चार महिन्यांचा माल आहे, आणि उरलेले आठ महिने लेबलं आणि पाकिटं घरात पडून राहतील. दोन, ‘चालत नाही’ म्हणणारे सगळे एकसारखे नाहीत. आजोबांच्या घरी चार महिने लसूण बंद असतो. जैन घरांत तो कायमचाच नसतो, आणि त्यांच्यापैकी काही जण पुढचा प्रश्न विचारतील: मिक्सरचं भांडं तेच आहे का? तुमच्या वहीत या दोघांची एकच रेघ आहे.

आणि एक मर्यादा मुळातच आहे. जे विचारायच्या भानगडीत न पडता परस्पर दुसरीकडे गेले, ते प्रतिक्रियांत कुठेच दिसणार नाहीत. हा आकडा कमीच असणार. किती कमी, ते या वहीतून काढता येत नाही.

चटणीघर

महिने पाहिले. सतरापैकी दहा जण आषाढ ते कार्तिकातले. पाच जण इतर महिन्यांतले, आणि ते पाचही जण एकदाच विचारून परत आलेले नाहीत. दोघांच्या तारखा सापडल्या नाहीत. भांड्याबद्दल आजवर एकानेच विचारलंय.

मग आता लाडू रद्द?

तिसरा_मजला

माझ्या मते सतरापेक्षा ३१ मोठे. ते ३१ जण तुमचे पक्के ग्राहक आहेत, आणि सतरांतले पाच तर एकदा विचारून परत आलेच नाहीत. लाडू इतक्यात सोडू नका.

आकडेमोड

तिसरा_मजला यांचा मुद्दा टाकाऊ नाही. जुनं गिऱ्हाईक दुसरी वस्तू घेण्याची शक्यता अनोळखी माणसापेक्षा जास्त असते. म्हणून वाद न घालता दोन्ही वस्तू एकाच तराजूत घाला.

एकाच दिवशी दोन स्टोऱ्या टाका. दोन्हींत फोटो, वजन, किंमत, मिळण्याचा दिवस आणि ‘पैसे आधी’. पोल नाही, स्टिकर नाही. आणि टाकण्याच्या आधी वहीत लिहून ठेवा की किती पाकिटांचे पैसे आले तर करणार. हा आकडा तुमच्या घाण्यावरून ठरतो. एका वेळी कमीत कमी किती करणं परवडतं, तो आकडा. आधी लिहिला नाही तर पाच ऑर्डरी आल्या तरी मन म्हणतं, ‘सुरुवात चांगली आहे’. पैसे परत देण्याची तारीखही त्याच स्टोरीत लिहा, म्हणजे कोणाला शंका राहणार नाही.

शिवणयंत्र

पूर्ण पैसे आधी मागितले तर लोक बिचकतात. मी निम्मे घेते.

आकडेमोड

कुर्तीला निम्मे ठीक. सव्वाशेच्या पाकिटाला निम्मे मागितले तर हिशोबाचाच ताप. आणि रक्कम लहान असली तरी यूपीआयचा पिन टाकताना माणूस एकदा विचार करतो. तो विचारच आपल्याला मोजायचा आहे.

चटणीघर (पुढचा गुरुवार)

निकाल सांगते. आधी लिहिलेले आकडे असे होते: लसूण नसलेली शेंगदाण्याची चटणी, २०० ग्रॅम, १२० रुपये, निदान १५ पाकिटं, कारण तीन किलोच्या खाली मावशींना बोलावणं परवडत नाही. नाचणीचे लाडू, पाव किलो, २२० रुपये, निदान १२ डबे.

चटणीची १९ पाकिटं, १४ जणांकडून. त्या सतरांतल्या सहा जणांना मी स्वतः डीएम केला होता, त्यातल्या चौघांनी पैसे पाठवले. लाडवांचे डबे पाच. ‘हो’ म्हणालेल्या ३१ जुन्या गिऱ्हाइकांपैकी तिघींनी घेतले.

चटणी शनिवारी करतेय. पहिल्या घाण्यासाठी भांडं नवीन घेतलं, ते फक्त यालाच वापरणार. लेबलावर ‘लसूण नाही’ ठळक लिहिणार, पण ‘जैन’ लिहिणार नाही. बाकीचं सगळं स्वयंपाकघर तेच आहे, आणि तसं कोणी विचारलं तर मी तेच सांगणार.

तिसरा_मजला

३१ मधून तीन! मी निदान दहा तरी धरले होते.

आकडेमोड

तीन काही वाईट नाहीत. पण लाडवांचा निकाल लागला असं मी म्हणणार नाही. जून-जुलैत विचारलेल्या गोड वस्तूवरून दिवाळीचं सांगता येत नाही. तुमच्या स्टिकरच्या उत्तरांतच दोघींनी दिवाळी लिहिलीय. चटणीचंही तसंच. आषाढीच्या तोंडावर १९ पाकिटं गेली, पण कार्तिकी एकादशीनंतर तेच १४ जण परत मागतात का, ते तेव्हाच कळेल. तोवर लेबलं हजाराने छापू नका.

रानजाई

मला वाटतं किंमत आडवी आली. पाव किलोला २२० जरा जास्त वाटले. १८० असते तर?

चटणीघर

१८०ला तूप आणि मावशींचा वेळ निघत नाही, रानजाई ताई. डालडा घालणार नाही.

शिवणयंत्र

किंमतीवर पोल घेता येईल का?

आकडेमोड

१८० की २२० असं विचारलंत तर सगळे १८० दाबणार, मग त्यातून काय कळणार? किंमत फक्त विकून कळते. एका खेपेला एक, दुसऱ्या खेपेला दुसरी. पण त्यासाठी आधी खेप तर निघायला हवी, आणि पाच डब्यांवर ती निघत नाही.

चटणीघर

एक अडचण आहे. पाचपैकी दोघींनी सांगितलंय की पैसे परत करू नकोस, दिवाळीला लाडू केलेस तर त्यातून दे. तिघींना परत केले. या दोघींचे ठेवू का?

भुसार_आळी

ठेवा. गिऱ्हाईक बांधलेलं राहतं.

आकडेमोड

मी परत करा म्हणेन. दिवाळीला लाडू करायचे की नाही ते अजून ठरलेलं नाही, आणि कोणाचे पैसे घरात असले की तो निर्णय मोकळा राहत नाही. नावं मात्र वहीत लिहून ठेवा. नवरात्राच्या सुमाराला त्यांनाच पहिल्यांदा विचारा, किंमत आणि तारीख सांगून.

चटणीघर

आज संध्याकाळी परत करते. आणि आजोबा, हिंग बांधानी चालेल की खडा कुटून? शनिवारी सकाळी सात वाजता दाणे भाजायला घेतेय.

पेठेतला_आजोबा

बांधानी हिंगात पीठ मिसळलेलं असतं, आणि काही कंपन्या गव्हाचं घालतात. पाकिटावर घटक लिहिताना ते बघा. माझं पाकीट सदाशिव पेठेत पोहोचवाल ना? पैसे नातीच्या फोनवरून पाठवतो.